पोत, फॉल, चुणी आणि पाण्याचा थेंब

कट-पीसच्या ढिगातून उचललेल्या कापडावर ते कशाचे आहे हे सहसा लिहिलेले नसते. दुकानदार सांगेल ते खरे धरायचे, नाहीतर कापडालाच विचारायचे. विचारण्याच्या चार जुन्या रीती आहेत. कापड बोटांत चोळायचे, मोकळे लोंबू द्यायचे, मुठीत चुरगळायचे आणि त्यावर पाणी टाकायचे. जाळून पाहण्याची पाचवी रीत सगळ्यांना ठाऊक असते, पण या चार रीतींत कापडाचे फारसे काही बिघडत नाही आणि साडीच्या पदराला काडी लावण्याची वेळ येत नाही. अडचण इतकीच, की चारपैकी कोणतीही एक चाचणी एकटी धरली तर ती हमखास फसवते.

फसगत होते ती मुख्यतः दोन नात्यांमुळे. सूत आणि रेयॉन हे दोन्ही रासायनिक दृष्ट्या सेल्युलोजच. सूत कापसाच्या बोंडातून येते, तर रेयॉन लाकडाचा लगदा विरघळवून त्याचा पुन्हा धागा ओढून बनते. म्हणून ही दोन कापडे पुष्कळ बाबतींत सख्ख्या भावंडांसारखी वागतात. दुसरे नाते लावून दिलेले आहे. पॉलिएस्टर आणि सूत एकत्र कातून टेरीकॉट होते, आणि त्यात साधारणपणे दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत असते. ‘कॉटन’ म्हणून हातात पडलेला तुकडा या तिघांपैकी कोणता, हाच प्रश्न घरात सर्वांत जास्त वेळा उभा राहतो, म्हणून पुढील विवेचन त्याच्याभोवती आहे. उदाहरणासाठी अडीच मीटरचा एक निळा, साध्या विणीचा कुर्ता-पीस घेऊ. विकणाऱ्याने तो ‘प्युअर कॉटन’ सांगितला आहे असे समजू.

चाचणीला बसण्याआधी दोन गोष्टी जमवाव्या लागतात. पहिली म्हणजे तुलनेसाठी खात्रीची कापडे: एक जुना सुती रुमाल किंवा मलमलीचा तुकडा, आणि शाळेच्या गणवेशाच्या टेरीकॉट शर्टाचा तुकडा. माणसाचा हात तुलनेत तरबेज असतो, आठवणीत नसतो. तीन कापडे शेजारी ठेवली की जो फरक अंगठ्याला सहज लागतो, तो एकटे कापड हातात घेऊन कितीही डोके खाजवले तरी सापडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धुणे. नव्या कापडावर खळ असते, विणताना धागा तुटू नये म्हणून चढवलेली पेज असते, कधी मऊपणासाठी सिलिकोनचा हात फिरवलेला असतो. न धुता केलेली चाचणी ही या लेपाची चाचणी होते, कापडाची नव्हे. कोपऱ्यातून वीत-दीड वीत नमुना कापून तो कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजवावा, चोळून, खळबळून धुवावा आणि सपाट वाळवावा. सोडा वापरू नये, कारण तुकडा लोकरीचा किंवा रेशमाचा निघाला तर सोड्याने तो खराब होईल. तिन्ही नमुने मग एकाच खोलीत काही तास उघडे ठेवावेत, म्हणजे ते हवेतला दमटपणा सारखाच पितील. प्रयोगशाळेतही नमुने याच कारणासाठी ठरावीक तापमानाच्या आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात.

खळ आहे की नाही याची खात्री टिंक्चर आयोडीनच्या पातळ केलेल्या एका थेंबाने होते. स्टार्च असेल तर डाग निळा-जांभळा उमटतो. कापडच निळे असेल तर डाग ओळखणे कठीण जाते. अशा वेळी तुकडा गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून, पाणी निवल्यावर त्या पाण्यात थेंब टाकावा. आपला निळा कुर्ता-पीस या चाचणीत पाणी निळे करतो, म्हणजे त्याचा सगळा कडकपणा त्याचा स्वतःचा नाही.

आता हात. कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून सावकाश चोळावे, नंतर मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा गालाला लावावे. तळहातापेक्षा ही कातडी पातळ आणि जास्त हळवी असते. पाहायचे ते असे की कापड घसरते की अडखळते, दाबल्यावर फुगून परत वर येते की चपटेच राहते, आणि लावल्याबरोबर गार लागते की ऊबदार. गारवा-ऊब यांविषयी लोकांत एक समज पक्का बसला आहे, की सूत गार आणि कृत्रिम कापड गरम. स्पर्शाच्या पहिल्या क्षणी तो खरा ठरतोच असे नाही. कापड गार लागते ते कातडीतली उष्णता झटकन ओढून घेते म्हणून, आणि ते किती ओढेल हे कापडाचा किती भाग कातडीला प्रत्यक्ष टेकतो यावर बरेच अवलंबून असते. गुळगुळीत पॉलिएस्टर सॅटिन हाताला थंडगार लागते. खरबरीत खादी त्यापेक्षा ऊबदार लागते, कारण तिच्या लवेत हवा अडकलेली असते. पॉलिएस्टरमध्ये घुसमट होते ती नंतर, घाम साचल्यावर, आणि ती दोन सेकंदांच्या स्पर्शात कळत नाही.

स्पर्शाची ही अवघड विद्या मोजमापात बांधायचे प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमध्ये एफ. टी. पिअर्स यांनी १९३० साली कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवून ती किती लांबीला ठरावीक कोनात वाकते यावरून ताठपणा मोजला. पुढे १९७०च्या दशकात जपानमध्ये क्योतोच्या सुएओ कावाबाता यांनी वाकवणे, दाबणे, ताणणे, पृष्ठभाग चोळणे ही कामे यंत्रांना दिली. मात्र त्याआधी त्यांनी अनुभवी पारख्यांना बसवून त्यांच्या बोलीतले शब्द पक्के करून घेतले: ताठपणासाठी कोशी, गुळगुळीत मऊपणासाठी नुमेरी, भरीवपणासाठी फुकुरामी. मराठीत सुळसुळीत, चरचरीत, लुसलुशीत, भरड हे शब्द अशीच कामे करतात, फक्त ती यंत्राला कोणी शिकवलेली नाहीत.

धागा सोडवून पाहणे हा स्पर्शाचाच पुढचा टप्पा. किनारीपाशी एक धागा ओढून काढावा आणि पीळ उलटा फिरवून मोकळा करावा. तो न तुटता लांबच लांब चकचकीत तंतूंचा निघाला तर तो रेशमाचा किंवा अखंड कृत्रिम तंतूचा. आखूड तंतूंचा पुंजका निघाला तर ते तंतू काळ्या कागदावर पसरून त्यांची लांबी पाहावी. कापसाचे तंतू लहान-मोठे असतात, बरेचसे अडीच-तीन सेंटीमीटरच्या आसपास. रेयॉन आणि पॉलिएस्टर यांचे तंतू कारखान्यात एकाच मापाने, बहुधा ३८ मिलिमीटर लांबीला कापलेले असतात. निळ्या तुकड्यातून निघालेले तंतू आश्चर्य वाटावे इतके एकसारखे आहेत. धुतल्यावर त्याचा कडकपणाही गेला आहे. तो मऊ, गार आणि वजनापेक्षा जड वाटतो. संशयाची पाल इथे चुकचुकते, पण निकाल अजून लांब आहे.

शिंपी ज्याला कापडाचा फॉल म्हणतात (साडीच्या खालच्या काठाला लावतात तो फॉल वेगळा) तो पाहण्याचे उपकरण डबा आहे. सुमारे १८ सेंटीमीटर व्यासाचा डबा पालथा घालून त्यावर ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल तुकडा बरोबर मध्यावर ठेवावा. कडेने उरलेले कापड खाली लोंबते आणि त्याला घड्या पडतात. ही मापे प्रयोगशाळेतल्या कुसिक फॉल-मापकाचीच आहेत. त्यात खालून प्रकाश टाकून लोंबणाऱ्या कापडाची सावली वरच्या कागदी कड्यावर आखतात. मग ते कडे तोलतात, सावलीपुरता भाग कापून तो तोलतात, आणि दोन वजनांचे गुणोत्तर काढतात. क्षेत्रफळाऐवजी कागद तोलण्याची ही युक्ती घरी सोनाराच्या छोट्या काट्यावरही चालते. पुठ्ठा ठेवला तर तो मुळीच वाकत नाही, म्हणून त्याचे गुणोत्तर शंभर टक्के येते. कापड जितके मऊ तितका आकडा खाली जातो.

न धुतलेला निळा तुकडा डब्यावर चार-पाच रुंद, ताठ घड्या टाकतो, म्हणजे रुमालासारखाच दिसतो. धुतलेला मात्र सात-आठ अरुंद घड्यांत डब्याला चिकटून खाली पडतो. सुती रुमालाच्या घड्या तितक्याच जाडीच्या कापडात कमी आणि मोकळ्या राहतात. रेयॉन अंगाबरोबर वाहते असे बायका म्हणतात त्याचे कारण हेच. त्याचे तंतू सहज वाकतात आणि एकमेकांवरून घसरतात.

पण फॉलवरून तंतूचे नाव सांगणारा माणूस चार वेळा बरोबर ठरला तरी पाचव्यांदा आपटतो. फॉल ठरवण्यात तंतूच्या जातीइतकाच, पुष्कळदा जास्तच, वाटा तंतूच्या जाडीचा, धाग्याच्या पिळाचा आणि विणीच्या घट्टपणाचा असतो. तंतूचा व्यास निम्मा केला तर तो एकटा वाकवायला सोळावा हिस्सा जोर पुरतो. म्हणून अतिबारीक तंतूंचे पॉलिएस्टर रेशमासारखे ओघळते आणि जाड सुताचे मांजरपाट तंबूसारखे उभे राहते. एकाच सुताचे पातळ मलमल आणि घट्ट विणलेले कॅनव्हास यांत जितके अंतर आहे तितके मलमल आणि रेयॉन यांत नाही. फॉलची तुलना जवळपास सारख्या वजनाच्या आणि सारख्या विणीच्या कापडांतच करावी. तेवढे पाळले तर तो उपयोगी पुरावा होतो.

मुठीची चाचणी याहून खोल जाते, कारण ती तंतूच्या आतल्या रचनेला हात घालते. तळहाताएवढा तुकडा मुठीत घट्ट चुरगळून अर्धा मिनिट दाबून ठेवावा आणि टेबलावर सोडावा. सोडल्याबरोबर, मग एका मिनिटाने, मग पाच मिनिटांनी त्याकडे पाहावे. लोकर हळूहळू स्वतःच उलगडते. पॉलिएस्टर जवळजवळ लगेच सपाट होते. सूत, रेयॉन आणि तागाचा धाकटा भाऊ शोभणारे लिनन चुण्या धरून बसतात, आणि लिननच्या चुण्या तर सुरीने आखल्यासारख्या धारदार असतात.

असे का होते हे सेल्युलोजच्या रेणूंत आहे. त्यांच्या लांब साखळ्या एकमेकींना असंख्य अशक्त बंधांनी धरून असतात. कापड वाकले की ताणाखाली हे बंध सुटतात, आणि वाकलेल्या जागीच नवे जुळतात. ओलावा असेल तर सुटणे-जुळणे आणखी सोपे होते. मुठीतली ऊब आणि घाम हे चुण्यांचे खतपाणीच आहे. सुती शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री करतात तेव्हाही हेच घडते, फक्त या वेळी बंध सपाट अवस्थेत जुळतात. पॉलिएस्टरच्या आत पाणी जवळजवळ शिरतच नाही. त्याच्या साखळ्या ताठ असतात आणि त्या सैलावायला सुमारे ७० ते ८० अंश तापमान लागते. म्हणून मुठीत न चुरगळणारा टेरीकॉट शर्ट उकळत्या पाण्यातून पिळून काढला तर मात्र हट्टी चुण्या घेऊन बाहेर येतो. त्याच गुणामुळे विजारीची इस्त्रीची धार पावसातही टिकते.

मुठीपेक्षा नेमके उत्तर हवे असेल तर ५ बाय २.५ सेंटीमीटरची पट्टी मधोमध दुमडून तिच्यावर दोन किलोचे वजन एक मिनिट ठेवावे, वजन काढून एक मिनिट थांबावे आणि पट्टी किती अंश उघडली ते कोनमापकाने पाहावे. पूर्ण उघडली तर १८०. काही न चढवलेले सूत साधारण ७५ ते ९० अंशांवर थांबते, टेरीकॉट त्याच्या बरेच पुढे जाते. पट्टी उभ्या धाग्याच्या दिशेने आणि आडव्या धाग्याच्या दिशेने अशी दोनदा कापावी. दोन्ही दिशांत मोठी तफावत आली तर उभा धागा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा असण्याची शक्यता असते, आणि पुढच्या सर्व चाचण्या दोन्ही धाग्यांवर वेगवेगळ्या कराव्या लागतात.

या चाचणीला फसवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. सुतावर रेझिन चढवून त्याला चुणी न पडेल असे करता येते, आणि ‘रिंकल-फ्री’ शर्ट त्या जातीचे असतात. ते शुद्ध सुती असूनही मुठीतून पॉलिएस्टरसारखे सुटतात आणि साध्या धुण्याने रेझिन निघत नाही. क्रेपसारखी घट्ट पिळाची वीण आणि होजियरी विणकाम हे मुळातच चुण्या लपवतात, म्हणून सुती बनियन चुरगळून काही सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट हवा. जुलैतल्या कोकणात आणि मेमधल्या चंद्रपुरात एकच सुती तुकडा वेगळी उत्तरे देईल. शेजारी ठेवलेला ओळखीचा नमुना इथेच आपली किंमत वसूल करतो.

निळा तुकडा मुठीतून चुरगळलेला निघतो आणि तसाच राहतो, रुमालापेक्षा थोडा जास्तच. टेरीकॉटचा तुकडा शेजारी तोवर उलगडलेला असतो. यावरून पॉलिएस्टरचा मोठा वाटा त्यात नाही हे बऱ्यापैकी पक्के होते. सूत की रेयॉन हा प्रश्न तसाच उरतो.

तो पाणी सोडवते. आधी थेंब. कापड वाटीच्या तोंडावर ताणून बसवावे आणि ड्रॉपरने एक सेंटीमीटरवरून एक थेंब सोडावा. थेंबावर चमकणारा उजेड नाहीसा होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. नीट धुतलेल्या सुतावर आणि रेयॉनवर तो काही सेकंदांत नाहीसा होतो. टेरीकॉटवर बराच रेंगाळतो, आणि नुसत्या पॉलिएस्टरवर मिनिटभरही मणी होऊन बसू शकतो. पण थेंबाला एकट्याला न्यायाधीश करू नये. कोरे मांजरपाट हे अस्सल सूत, तरी त्यावर पाणी ठरत नाही, ओघळते. कापसाच्या तंतूवरचे नैसर्गिक मेण आणि विणताना चढवलेली पेज अजून त्यावर असते. उलट खेळाडूंच्या पॉलिएस्टर टी-शर्टवर थेंब क्षणात पसरतो. तिथे पाणी तंतूत शिरत नाही, तंतूंमधल्या बारीक फटींतून धावते. लोकर तर दोन्हीकडून चकवते. तिच्यावर थेंब बसून राहतो, पण हवेतली वाफ ती सर्वांपेक्षा जास्त पिते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, रेयॉन १२-१३, सूत ८, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४.

म्हणून पृष्ठभागाऐवजी आतल्या पाण्याकडे वळावे. सारख्या वजनाचे तिन्ही तुकडे दहा मिनिटे पाण्यात बुडवून, जुन्या टॉवेलच्या घडीत ठेवून सारख्याच जोराने दाबून काढावेत आणि तोलावेत. तंतूंच्या मधले पाणी टॉवेल घेतो, तंतूंच्या आतले राहते. प्रयोगशाळेत हे काम भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या यंत्राने करतात. तिथे सूत वजनाच्या साधारण निम्मे पाणी धरते, रेयॉन जवळजवळ वजनाइतके, पॉलिएस्टर काही टक्केच. घरी सगळेच आकडे जास्त येतात, पण क्रम बदलत नाही. निळा तुकडा रुमालापेक्षा उघड जड भरतो. हातात धरला तर तो फुगलेला आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा ताठर लागतो. ओले सूत तसे लागत नाही.

शेवटची चाचणी सर्वांत लहान आहे आणि या जोडीत तिच्याइतकी स्पष्ट दुसरी नाही. तुकड्यातून वीतभर धागा काढून मध्यभागी दोन सेंटीमीटर थुंकीने किंवा पाण्याने ओला करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि दोन्ही टोके धरून सावकाश ओढावे. सूत ओले झाले की दहा-वीस टक्के मजबूत होते, म्हणून सुताचा धागा कोरड्या भागात तुटतो. रेयॉनच्या साखळ्या आखूड आणि सैल रचलेल्या असतात. पाणी त्यांच्यात घुसून त्यांना एकमेकींपासून सोडवते आणि धाग्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. तो ओल्या जागीच तुटतो. धाग्यात एखादी पातळ जागा असेल तर तो कुठेही तुटेल, म्हणून दहा धागे ओढावेत. निळ्या तुकड्याचे दहापैकी नऊ धागे ओल्या जागी तुटले, तर ‘प्युअर कॉटन’ नावाचा तो कुर्ता-पीस रेयॉनचा आहे असे म्हणायला हरकत नाही. शिवण्याआधी तो भिजवून आटवून घ्यावा, आणि धुताना पिळू नये.

मोडाल आणि लायोसेल हे रेयॉनचे सुधारलेले प्रकार ओले झाल्यावर इतके कमजोर पडत नाहीत, त्यामुळे धाग्याच्या चाचणीत त्यांचे उत्तर अर्धवट येते. त्यांची ओळख एकसारख्या तंतूंवर, फॉलवर आणि टॉवेलमधल्या वजनावर सोडावी लागते. सूत आणि रेयॉन एकत्र कातलेले असेल तर धागे कधी ओल्या, कधी कोरड्या जागी तुटतात. मिश्रण आहे एवढे त्यातून कळते, प्रमाण कळत नाही. टेरीकॉटमधले प्रमाणही मूठ आणि थेंब यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना तोलून ठरावीक तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात टाकतात. त्यात सूत विरघळून जाते आणि मागे राहिलेले पॉलिएस्टर धुऊन, वाळवून पुन्हा तोलतात.